पक्षी इंजिनाच्या तोंडाशी, राख इंजिनाच्या पोटात

नागपूरच्या विमानतळाभोवती किंवा अमरावतीजवळच्या बेलोऱ्याच्या परिसरात पावसाळ्यात डवरणी सुरू झाली की उकरलेल्या मातीतले किडे टिपायला गायबगळ्यांचे थवे उतरतात. गावाबाहेर मेलेले जनावर टाकले असेल, तर त्यावर घारी घिरट्या घालतात. धावपट्टीच्या आसपास हे दोन्ही धोक्याचे असते. विमानतळापासून दहा किलोमीटरच्या परिघात उघड्यावर जनावरे कापण्यास, सोलण्यास आणि घाण टाकण्यास भारतीय विमान नियमांनी मनाई केली आहे ती याचसाठी. तिची अंमलबजावणी मात्र ग्रामपंचायतीच्या सहकार्याशिवाय होत नाही, हे उघड आहे.

पक्ष्याची धडक बहुतेक वेळा उड्डाण करताना किंवा उतरताना, जमिनीपासून थोड्याच उंचीवर होते. जेट इंजिनाच्या तोंडाशी मोठा पंखा असतो आणि त्याच्या पात्यांची टोके प्रचंड वेगाने फिरत असतात. त्यामुळे जेमतेम अर्धा-पाऊण किलोची घारही पाते वाकवू शकते. वाकलेल्या पात्याने तोल बिघडतो, कंपन वाढते, आणि इंजिनाच्या गाभ्याकडे जाणारी हवा विस्कळीत झाल्यास मोठमोठे आवाज येऊन जोर घटतो. वैमानिकाला हे कंपनमापकावर आणि तापमानाच्या काट्यावर दिसते. प्रवाशांना कधी कधी जळका वास येतो. मध्यम आकाराच्या पक्ष्यांचा थवा गिळूनही इंजिनाने पुरेसा जोर देत राहावे आणि एकच मोठा पक्षी आत गेल्यास निदान सुरक्षितपणे बंद पडावे, अशी अट नव्या इंजिनांच्या चाचणीत असते. परंतु 15 जानेवारी 2009 रोजी न्यूयॉर्कहून निघालेल्या एअरबसची दोन्ही इंजिने कॅनडा हंसांच्या थव्यामुळे जवळजवळ निकामी झाली आणि विमान हडसन नदीत उतरवावे लागले. सर्व 155 जण वाचले.

धावपट्टीवर धावताना एक ठरावीक वेग ओलांडला की थांबायला जागा उरत नाही. त्यानंतर एका इंजिनात पक्षी शिरला, तरी वैमानिक उड्डाण पूर्ण करतो आणि उरलेल्या इंजिनावर वर चढून परत येतो. याचा अर्थ असा की खरे काम विमानतळालाच आधी करावे लागते: गवताची उंची आटोक्यात ठेवणे, साचलेले पाणी काढणे, धावपट्टीची पाहणी करणे, फटाके आणि गॅसच्या तोफांनी थवे उडवणे. पक्षी आवाजाला लवकर सरावतात, त्यामुळे अन्न आणि पाणी हटवल्याशिवाय नुसत्या तोफांचा फार उपयोग होत नाही.

ज्वालामुखीची राख मात्र लाकडाच्या राखेसारखी मऊ नसते. ती खडकाची आणि काचेची बारीक, धारदार भुकटी असते. ती पंख्यातून सहज निघून जाते, तिथली पाती घासते आणि मग ज्वलनकक्षात पोहोचते. तिथले तापमान राखेच्या वितळबिंदूहून जास्त असते. वितळलेली राख पुढच्या, तुलनेने थंड, स्थिर पात्यांवर काचेच्या थराने बसते, हवेची वाट अरुंद करते, आणि अखेर ज्योत विझते.

15 डिसेंबर 1989 रोजी केएलएमचे नवे कोरे बोइंग 747 अलास्कात अँकोरेजकडे उतरत असताना रेडाउट ज्वालामुखीच्या ढगात शिरले. वैमानिकांनी वर निघून जाण्यासाठी जोर पूर्ण वाढवला. जोर वाढवला की ज्वलनकक्ष अधिक तापतो, हवाही जास्त ओढली जाते, म्हणजे राख अधिक वितळते आणि अधिक साचते. थोड्याच वेळात चारही इंजिने बंद पडली. विमान तेरा हजारांहून अधिक फूट खाली आले, तेव्हा कुठे वारंवार प्रयत्न करून इंजिने पेटली. ज्योत विझल्याने काचेचा थर थंड झाला होता आणि तिळगुळाचा कडक पाक ताटात तडकावा तसा तो काही प्रमाणात तडकून निघाला होता. विमानातील 245 जण सुखरूप उतरले. चारही इंजिने बदलावी लागली.

आज वैमानिकांना नेमके उलट शिकवले जाते. गंधकाचा वास, केबिनमध्ये धुरकट धूळ किंवा रात्री काचेवर निळसर ठिणग्या दिसल्या, तर उंची परवानगी देत असेल तेव्हा जोर शक्य तितका कमी करायचा आणि आलेल्या दिशेने वळून ढगाबाहेर पडायचे. विमानाचे हवामान रडार पाण्याच्या थेंबांसाठी असते. कोरडी बारीक राख त्यावर दिसत नाही. म्हणूनच जगभरातली नऊ राख-सूचना केंद्रे उपग्रहांवरून ढगाचा माग काढतात आणि त्याची उंची व दिशा कळवतात.

विदर्भाच्या काळ्या मातीखालचा बेसाल्ट प्राचीन लाव्ह्याचाच, पण इथे जागता ज्वालामुखी नाही. तरी 23 नोव्हेंबर 2025 रोजी इथिओपियातील हायली गुब्बीचा उद्रेक झाला, तेव्हा त्याची राख अरबी समुद्र ओलांडून वायव्य भारतावर आली. त्या वेळी विमान कंपन्यांनी काही उड्डाणे रद्द केली, काहींचे मार्ग बदलले, आणि बाधित मार्गांवरून आलेल्या विमानांची इंजिने तपासून मगच ती पुढच्या फेरीवर पाठवली.