‘पूर्ण झाली म्हणे’मधला ‘म्हणे’ काढताना

सप्टेंबर 1982 मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणकीय सूचना फलकावर एक गंमत चालली होती. लिफ्ट वरून सुटून खाली पडली, तर आतल्या पाऱ्याच्या थेंबाचं काय होईल, असा तो प्रश्न. त्यावर कुणीतरी ‘लिफ्टमध्ये पारा सांडला आहे’ अशी लटकी सूचना टाकली. मधल्या गप्पा न वाचता थेट तिथे आलेल्यांना ती खरीच वाटली. या गोंधळानंतर तिथले संगणकशास्त्रज्ञ स्कॉट फाल्मन यांनी विनोदाच्या पुढे :-) ही खूण लावायचं सुचवलं.

टीमच्या चॅटमधला टोमणा वरिष्ठांकडे पाठवला की तेच घडतं. लिहिणाऱ्याच्या मनात स्वर असतो, वाचणाऱ्यापुढे नुसती अक्षरं. वरिष्ठांनी तर आधीचे दोनशे मेसेजही पाहिलेले नसतात. म्हणून पाठवणारा टोमणे ‘साफ’ करायला बसतो आणि खरी अडचण तिथे सुरू होते.

समजा, चॅटमध्ये हा मेसेज आहे: ‘चाचणी पूर्ण झाली म्हणे! रात्री दोनपासून पेमेंटचं पान बंद. सर्व्हरलाही सुट्टी हवी असेल. जुनी आवृत्ती परत लावायचं शंभर वेळा विचारलंय, पण आपल्याला काय घाई?’

घाईत साफ केला तर त्याचं असं होतं: ‘पेमेंटच्या पानाबाबत काही अडचण आली असून टीम त्यावर काम करत आहे.’ भाषा सभ्य झाली, पण मेसेजमध्ये तीन तक्रारी होत्या, त्यातली जेमतेम एक उरली. चाचणीवरची शंका गेली, निर्णय अडकल्याची गोष्टही गेली. माझ्या मते ही चूक मूळ टोमणा तसाच पाठवण्यापेक्षा वाईट आहे, कारण टोमणा निदान खटकतो तरी. हे वाक्य कुणालाच खटकत नाही.

असं का होतं, याचा एक चांगला उलगडा भाषा आणि संवादाचे अभ्यासक डॅन स्पर्बर आणि डिअर्ड्र विल्सन यांनी 1981 मध्ये मांडला. टोमणा मारणारा नुसतं उलटं बोलत नाही. तो दुसऱ्याचं विधान प्रतिध्वनीसारखं पुन्हा उच्चारतो आणि त्या विधानापासून स्वतःला लांब ठेवतो. मराठीत या कामाला ‘म्हणे’ हा शब्द तयारच आहे. ‘झाली’ आणि ‘झाली म्हणे’ यांत जेवढं अंतर आहे, तेवढाच टोमण्याचा जीव. तेव्हा ‘म्हणे’ पुसायचा असेल, तर हे नेमकं कोण म्हणालं होतं, ते त्या जागी लिहावं लागतं.

आता वाक्यं एकेक घेऊ. समजा, ‘पूर्ण झाली’ हे शब्द टीमच्या सोमवारच्या नोंदीत सापडतात, म्हणजे प्रतिध्वनी त्या नोंदीचा आहे. ‘रात्री दोन’ ही घटना आहे. लॉगमध्ये नेमकी वेळ मिळते, 2:10. सर्व्हरच्या सुट्टीचं वाक्य कुणाचंही म्हणणं खोडत नाही, त्यात नुसता वैताग आहे, ते गाळता येतं. ‘शंभर वेळा’ ही अतिशयोक्ती. तिच्या जागी ‘अनेकदा’ लिहू नये, चॅटमध्ये शोधून मोजावं. समजा तीन विनंत्या निघाल्या, तर तीनच लिहायच्या, तारखांसकट. आणि ‘काय घाई’ म्हणजे घाई आहे, निर्णय हवा आहे.

राहिली चाचणी. ‘पूर्ण झाली म्हणे’ याचं उलट काय? ‘पूर्ण झाली नाही’, हे पहिलं मनात येतं. पण चाचणी झाली आणि निकाल कुणी पाहिलाच नाही, असंही असेल. किंवा नको त्या गोष्टीची चाचणी झाली असेल. टोमणा कोणतं विधान नाकारतो ते दाखवतो; त्याच्या जागी खरं काय, ते सांगत नाही. हसऱ्या इमोजीनेही ते कळत नाही. इथे अंदाज करायचा नाही, लिहिणाऱ्याला विचारायचं. समजा, त्याचं उत्तर येतं: ‘चाचणी झाली होती रे. खूप ग्राहक एकदम आल्यावर पान अडकतं, हे अहवालात होतं. तो कुणी उघडलाच नाही.’ आपण अंदाजाने ‘चाचणी अपुरी होती’ असं लिहून पाठवलं असतं, तर ठपका चाचणी करणाऱ्यांवर आला असता.

वर जाणारा मजकूर मग असा होतो: ‘पेमेंटचं पान रात्री 2:10 पासून बंद आहे. सोमवारच्या नोंदीत चाचणी पूर्ण झाल्याचं म्हटलं होतं. एकाच वेळी खूप ग्राहक आल्यास पान अडकतं, हे चाचणीच्या अहवालात होतं, पण तो पाहिला गेला नाही, असं टीममधल्या अभियंत्याचं म्हणणं आहे. जुनी आवृत्ती परत लावण्याची विनंती 4, 9 आणि 15 तारखेला केली होती. त्यावर आज निर्णय हवा आहे.’ यात अवतरणचिन्हं नाहीत, कारण हे शब्द मूळ मेसेज लिहिणाऱ्याचे नाहीत. आणि हे आधी त्यालाच दाखवायचं.

नंतर एक तपासणी करावी. टीमबाहेरच्या कुणाला तरी मजकूर वाचायला द्यावा आणि दोनच गोष्टी विचाराव्यात: काय बिघडलं, आणि यांना काय हवंय? दुसऱ्या प्रश्नावर तो अडखळला, तर काहीतरी जास्तच पुसलं गेलं आहे.