उपार्जित हिमोफिलिया

ज्याला आयुष्यभर रक्तस्रावाचा कधी त्रास नव्हता, अशा माणसाच्या अंगावर उतारवयात एकाएकी मोठमोठे काळे-निळे डाग पडू लागतात आणि स्नायूंत रक्त साचते, तो हा विकार. शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच रक्तातल्या, रक्त गोठवायला लागणाऱ्या फॅक्टर आठ या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि रक्त गोठण्याची साखळी मध्येच तुटते. जन्मजात हिमोफिलिया बहुधा मुलग्यांना होतो. हा मात्र स्त्री-पुरुष दोघांनाही होतो. दर 10 लाख लोकांत वर्षाला एखाद-दुसराच रुग्ण आढळतो. निम्म्या रुग्णांत कारण सापडत नाही. उरलेल्यांत कर्करोग, संधिवातासारखे स्वप्रतिकार विकार, एखादे औषध किंवा नुकतेच झालेले बाळंतपण यांचा संबंध दिसतो.

विदर्भातल्या खेड्यात हा आजार कसा निसटतो, ते एका काल्पनिक रुग्णावरून पाहू. यवतमाळकडचा 71 वर्षांचा शेतकरी, वजन 52 किलो. सोयाबीन काढणीच्या दिवसांत त्याची मांडी दुखू लागली. गावातल्या डॉक्टरांनी कमरेत वेदनाशामक इंजेक्शन दिले. दुसऱ्या दिवशी धोतर बदलताना बायकोला दिसले, की कमरेपासून गुडघ्यापर्यंत कातडी जांभळी-काळी पडली आहे. "कुठी पडले-झडले नाही जी, मंग हे काळं कायचं?" हा तिचा प्रश्न म्हणजे अर्धे निदान आहे. मार नाही आणि डाग मोठा. सांधे मात्र सुजलेले नाहीत. जन्मजात हिमोफिलियात रक्त सांध्यांत साचते, इथे ते बहुधा कातडीखाली आणि स्नायूंत उतरते.

ग्रामीण रुग्णालयात पहिला संशय घोणस चावल्याचा येतो, आणि शेतातून आलेल्या माणसाबाबत तो यायलाच हवा. फरक कळतो तो पीटी आणि एपीटीटी या दोन तपासण्यांवरून. रक्त गोठण्याच्या साखळीतल्या वेगवेगळ्या वाटांना किती सेकंद लागतात, ते त्या मोजतात. घोणसेच्या विषाने गुठळी बांधणारे फायब्रिनोजेन हे प्रथिन संपते, म्हणून दोन्ही लांबतात. उंदराचे औषध पोटात गेले असेल तर पीटी आधी बिघडते. या शेतकऱ्याचे पीटी 13 सेकंद, प्लेटलेट 2 लाख 40 हजार, म्हणजे दोन्ही ठीक. एपीटीटी मात्र 86 सेकंद, जिथे निरोगी नमुन्याला 30 लागतात.

एकटे एपीटीटी लांबले, की पुढची पायरी म्हणजे मिश्रण चाचणी. रुग्णाचा आणि निरोगी माणसाचा प्लाझ्मा समभाग मिसळतात. फॅक्टर नुसता कमी असेल तर वेळ सुधारते आणि सुधारलेलीच राहते. या शेतकऱ्याच्या नमुन्यात मिसळल्याबरोबर 41 सेकंद आले. इथेच थांबले असते तर साधी कमतरता म्हणून चिठ्ठी गेली असती. पण फॅक्टर आठविरुद्धची प्रतिपिंडे सावकाश काम करतात. मिश्रण 37 अंशांवर दोन तास ठेवल्यावर तेच 72 झाले. तोवर निरोगी प्लाझ्मातला फॅक्टरही थोडा घटतो, म्हणून दोन्ही प्लाझ्मा वेगवेगळे दोन तास ठेवून मग मिसळलेली नळीही तुलनेला लागते. माझ्या मते या आजारात सर्वांत जास्त चुकते ते हे दोन तास थांबणे. पुढे फॅक्टर आठची पातळी 2 टक्के आणि प्रतिपिंडांचे प्रमाण 24 बेथेस्डा एकके निघाले. ही संख्या निदान पक्के करते, पण रक्तस्राव किती होईल ते सांगत नाही.

नमुन्याची काळजी वेगळी सांगायला हवी. निळ्या झाकणाची सायट्रेट नळी खुणेपर्यंत भरावी. कमी भरली तर एपीटीटी खोटेच लांबते. उन्हाळ्यात एसटीच्या डिक्कीतून नळी पाठवू नये, कारण उष्णतेने फॅक्टर आठ लवकर नासतो. रक्त काढून चार तासांच्या आत प्लाझ्मा वेगळा करून तपासावा, नाहीतर गोठवावा. जवळ तशी सोय नसेल तर नळीऐवजी रुग्णालाच वैद्यकीय महाविद्यालयात पाठवणे बरे.

तोवर स्नायूत इंजेक्शन देऊ नये आणि डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके बंद ठेवावीत. साचलेले रक्त काढायला चीर देण्याचा मोह तर मुळीच होऊ देऊ नये. ती चीर वाहतच राहते. प्लाझ्माच्या पिशव्यांनी फारसा उपयोग होत नाही, कारण त्यातला फॅक्टर आठही प्रतिपिंडे निकामी करतात. रक्तस्राव थांबवायला फॅक्टर आठला वळसा घालणारी औषधे लागतात. सक्रिय फॅक्टर सात किलोमागे 90 मायक्रोग्रॅम, म्हणजे या शेतकऱ्याला सुमारे 4.7 मिलिग्रॅम, सुरुवातीला दर दोन-तीन तासांनी. औषध फार महाग आहे, म्हणून ते कुठे उपलब्ध आहे याची चौकशी रुग्ण हलवण्याआधीच फोनवर करावी.

याच्या जोडीने प्रतिपिंडे मोडण्यासाठी प्रेडनिसोलोन, किलोमागे 1 मिलिग्रॅम, आणि गरजेप्रमाणे सायक्लोफॉस्फामाइड किंवा रिटुक्सिमॅब देतात. गुण यायला बहुधा काही आठवडे लागतात. या काळात वृद्धाला रक्तस्रावाइतकीच भीती जंतुसंसर्गाची असते, म्हणून ताप, खोकला आणि साखर यांवर लक्ष लागते. गोळ्या बंद झाल्यावर काही रुग्णांत आजार उलटतो. त्यामुळे पुढचे कित्येक महिने एपीटीटी तपासत राहतात आणि नवा डाग दिसला तर घरच्यांनी ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णाला घेऊन यायचे असते.