सोनोग्राफीतली तारीख पुढे का जाते?

दिंडोरीहून भाचीचा फोन आला, "मामा, डिलिव्हरीची तारीख दोन आठवडे पुढे गेली." तिसऱ्या महिन्यातल्या सोनोग्राफीत बाळ ११ आठवड्यांचं होतं. त्या हिशेबाने आता ३४ आठवडे भरले होते. नाशिकला नुकत्याच केलेल्या सोनोग्राफीत मात्र डोक्याचा घेर (HC) २९० मिलिमीटर, मांडीचं हाड (FL) ६२ मिलिमीटर आणि खाली वय ३२ आठवडे छापलेलं.

तारीख पुढे गेलेली नसते. मशीन आकार मोजतं, वय नाही. फ्रँक हॅडलॉक आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली ह्यूस्टनमधल्या गरोदर स्त्रियांच्या मोजमापांवरून समीकरणं मांडली, ती आजही बरीच मशीनं वापरतात. एवढं डोकं आणि एवढं हाड सरासरी कितव्या आठवड्यात असतं, इतकंच ती सांगतात. द्राक्षवाल्यांना हे लगेच पटेल. बागेचे दिवस छाटणीपासून मोजतात, मण्याच्या फुगवणीवरून नाही.

अकराव्या आठवड्यात बहुतेक बाळं जवळपास सारखीच असतात, म्हणून तेव्हाची चूक आठवड्याच्या आत राहते. पुढे काही बाळं थोराड होतात, काही बारीक. त्यातच वाढ मंदावते. विसाव्या आठवड्याच्या आसपास डोक्याचा घेर आठवड्याला सुमारे १२ मिलिमीटर वाढतो, छत्तिसाव्यात जेमतेम ७. म्हणजे मोजण्यातली तेवढीच चूक आता जास्त दिवसांची ठरते. शेवटच्या तीन महिन्यांत अंदाज तीन आठवडे इकडेतिकडे होऊ शकतो.

हाडाचं मोजमाप तर फार नाजूक. हाडाची टोकं अजून कूर्चेची असल्याने फक्त मधला कठीण दांडा मोजतात. ध्वनिलहर त्यावर आडवी पडली पाहिजे. हाड तिरकं असलं की चित्रात आखूड दिसतं, आणि २ मिलिमीटर कमी आले की वयातून जवळजवळ आठवडा जातो. पायाळू बाळाचं डोकं अनेकदा लांबट होतं, मग रुंदी फसवते. म्हणून घेरावर जास्त भरवसा ठेवतात.

अशा तारखेवर सिझेरियनचा मुहूर्त काढणं मला धोक्याचं वाटतं. पत्रिकेतलं नक्षत्र जुळेल, पण पहिली सोनोग्राफी झालेलीच नसेल तर ३८ आठवड्यांचं समजून काढलेलं बाळ ३५ आठवड्यांचं निघू शकतं.

उलटी चूकही वाईट. भाचीची तारीख पुढे ढकलली असती, तर बाळ वयाच्या मानाने लहान आहे हे रिपोर्टातून दिसेनासं झालं असतं. तिच्या डॉक्टरांनी तारीख बदलली नाही. त्यांनी नाळेतला रक्तप्रवाह तपासला आणि तीन आठवड्यांनी पुन्हा बोलावलं. तेव्हा घेर ३११ आणि हाड ६८ भरलं. तीन आठवड्यांत डोकं जवळपास २० मिलिमीटर वाढायला हवं होतं, तेवढं ते वाढलं होतं. बाळ मुळातच लहान चणीचं होतं, वाढ थांबलेली नव्हती. नव्या रिपोर्टावर वय ३५ आठवडे छापून आलं. फाइलवर डॉक्टरांनी ३७ लिहिलं.