सकाळचा रिपोर्ट अर्धीच गोष्ट सांगतो

“किडनी बदलल्यावर उपाशीपोटी साखर नॉर्मल आली, म्हणजे डायबेटिस नाही ना?”

तसं धरून चालू नका. किडनी बदलल्यावर दिलं जाणारं प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सकाळी घेतलं की त्याचा जोर दुपारनंतर दिसतो आणि रात्रीतून ओसरतो. समजा, पहाटे साखर ९६ आहे. त्याच माणसाची दुपारी चारला २३८ भरू शकते. म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांत दुपारच्या जेवणानंतरची साखर तपासायलाच हवी. गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या एचबीए१सी चाचणीवरही तेव्हा विसंबू नये: रक्त कमी असेल किंवा नुकतंच चढवलं असेल, तर तो आकडा फसवा कमी येऊ शकतो. तब्येत आणि औषधांचे डोस स्थिरावले की ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केलेली चाचणी जास्त विश्वासाची. २०० किंवा त्याहून जास्त आल्यास निदान डायबेटिसकडे झुकतं.

नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून दिलं जाणारं टॅक्रोलिमस स्वादुपिंडातून इन्सुलिन कमी स्रवू देतं, स्टेरॉइड इन्सुलिनचा परिणाम बोथट करतं. तरीही ही औषधं स्वतःहून थांबवू नका, कळकळीने सांगतो: शरीर नवा अवयव नाकारू शकतं. डोस डॉक्टरच बेताने उतरवतात. तोवर अनेकदा सकाळचं मध्यम पल्ल्याचं इन्सुलिन दुपारची चढ आवरतं, आणि स्टेरॉइड कमी होताना तेही कमी करावं लागतं, नाहीतर साखर एकदम खाली जाते.