दरपत्रकाचा ईमेल फोनवर नीट दिसावा म्हणून
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

तुमच्या दरपत्रकाचे ईमेल आम्ही तयार करतो, आणि नवे दर लागू झाले की आम्हाला हमखास फोन येतो: "आम्ही दिलेला तक्ता तुम्ही का बदलला? एक्सेलमध्ये तर व्यवस्थित दिसत होता." दिसत होता, हे खरंच. पण तुमचे दुकानदार तो ईमेल गल्ल्यावर उभ्या उभ्या, फोनवर उघडतात.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक एकच आहे. एक्सेलमधला तक्ता कॉपी करून थेट ईमेलमध्ये चिकटवला जातो. त्यात नुसते आकडे येत नाहीत, प्रत्येक रकान्याची ठरलेली रुंदीही येते. शिवाय "मजकूर खालच्या ओळीत मोडू नकोस" अशी सूचना बहुतेक वेळा आत दडलेली असते. त्यामुळे तक्ता आक्रसायला तयार नसतो.

फरसाणाच्या दरपत्रकाचं उदाहरण घ्या. अनुक्रमांक, माल, पॅकिंग, जुना दर, नवा दर, जीएसटी आणि शेरा असे सात रकाने, एकूण रुंदी ९०० पिक्सेल. साधारण अँड्रॉइड फोनवर ईमेलला जागा मिळते ३६० पिक्सेलच्या आसपास. काही अ‍ॅप्स अशा वेळी अख्खा ईमेल लहान करून पडद्यात बसवतात, म्हणजे ४० टक्क्यांवर आणतात. १४ पिक्सेलचं अक्षर मग साडेपाच पिक्सेलचं उरतं. यात फक्त तक्ता बारीक होत नाही, वरचा "नमस्कार" आणि खालचा फोन नंबरही बारीक होतो. दुसऱ्या एखाद्या अ‍ॅपमध्ये अक्षर मोठंच राहतं, पण नवा दर पडद्याच्या उजवीकडे बाहेर जातो आणि दुकानदार जुन्या दराने ऑर्डर देतो. ईमेलमधली अक्षरं कारण नसताना बारीक दिसली, तर आत कुठेतरी रुंद तक्ता किंवा रुंद चित्र आहे असं समजा.

आम्ही अशा तक्त्याचे तीन रकाने ठेवतो: माल, पॅकिंग, नवा दर. अनुक्रमांक कोणी वाचत नाही. जीएसटी सगळ्या मालाला सारखाच असेल तर तक्त्याच्या वर एक ओळ पुरते. शेरा दोन-तीन वस्तूंनाच असतो, तो खाली बुलेटमध्ये जातो:

- लसूण शेव: २०० ग्रॅमचं पॅकिंग बंद
- भाजणी चकली: जुना दर महिनाअखेरपर्यंत

जुन्या दरांसह पूर्ण यादी हवी असेल त्याच्यासाठी पीडीएफ जोडतो. माहिती कापली जात नाही, फक्त तिची जागा बदलते.

स्वतः करणार असाल, किंवा तुमच्याकडे कोणी एचटीएमएल जाणणारा असेल, तर सुरुवात एवढीच ठेवा:

```
<table width="100%" border="1" cellpadding="6" cellspacing="0">
```

रुंदी टक्क्यांत, आणि रकान्यांना वेगळी रुंदी नको. हे जुन्या धाटणीचं दिसेल, पण मुद्दाम तसं आहे. विंडोजवरचं जुनं आउटलुक २००७ पासून ईमेल वर्डच्याच यंत्रणेने दाखवतं, आणि वेबसाइटवर चालणाऱ्या बऱ्याच नव्या सजावटी तिथे चालत नाहीत. स्पेसबार दाबून रकाने जुळवणं तर नकोच. फॉन्ट बदलला की सगळं विस्कटतं.

वर्डमधून मजकूर आणताना बुलेटकडे लक्ष द्या. वर्डचे चौकोन आणि बाण विंगडिंग्ज फॉन्टचे असतात. तो फॉन्ट फोनवर नसला की त्यांच्या जागी § किंवा Ø दिसतं. Ctrl+Shift+V ने चिकटवा, म्हणजे फक्त मजकूर येईल. मग बुलेट ईमेलच्याच बटणाने द्या. मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल तर फोनवर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसेल. तो आधी युनिकोडमध्ये आणावाच लागतो.

परिच्छेद दोन-तीन वाक्यांचे पुरेत. संगणकावर चार ओळींत मावणारा परिच्छेद फोनवर दहा-बारा ओळी खातो, आणि दर बदलल्याची तारीख नेमकी त्यात बुडते. तारीख पहिल्याच ओळीत हवी.

"मग तक्त्याचा फोटोच पाठवा ना," असंही बरेच जण सुचवतात. आउटलुकमध्ये बाहेरच्या लिंकवरून येणारी चित्रं बहुधा आपोआप उघडत नाहीत, रुंद तक्त्याचा फोटो फोनवर तितकाच बारीक दिसतो, आणि दुकानदाराला त्यातून मालाचं नाव कॉपी करून ऑर्डरमध्ये टाकता येत नाही. म्हणून आम्ही ते टाळतो.

पाठवण्यापूर्वी ईमेल स्वतःला पाठवून फोनवर उघडा. झूम न करता शेवटचा रकाना वाचता आला पाहिजे. आम्ही प्रत्येक दरपत्रक अँड्रॉइडवरचं जीमेल, आयफोनचं मेल आणि डेस्कटॉपवरचं आउटलुक अशा तिन्ही ठिकाणी उघडून पाहतो. त्यासाठीच आम्ही एक दिवस जास्त मागतो, आणि तो आमच्या दरात धरलेला आहे. तुमच्या दरपत्रकाचा साचा एकदा बसला की पुढच्या वेळी फक्त आकडे बदलावे लागतात, त्याचे पैसे कमी पडतात.

आम्हाला मजकूर देताना एक्सेलची फाइल जोडून पाठवा, ईमेलमध्ये चिकटवू नका. ज्या वस्तूंचे दर बदलले त्यांच्या ओळी पिवळ्या करा.