पुनर्विकास कराराचे प्रेझेंटेशन झाले. आता कोणी, काय, कधीपर्यंत करायचे याची यादी कशी काढायची?

सोसायटीचा पुनर्विकास ठरला की विकासकाची माणसे प्रोजेक्टर घेऊन येतात. कराराचा मसुदा ऐंशी-नव्वद पानांचा आणि इंग्रजीत. त्यामुळे सभासदांना दाखवतात ती पंचवीसेक स्लाइड्सची सुटसुटीत आवृत्ती. त्यात वाढीव कार्पेट, भाडे, कॉर्पस, पार्किंग सगळे असते. ज्यावर पुढे भांडण होते ते, म्हणजे कोणाची जबाबदारी कधी सुरू होते आणि कधी संपते, तेवढे नेमके नसते. म्हणून विकास करारावर सह्या होण्याआधी स्लाइड्सवरून साध्या मराठीत कर्तव्यांची आणि मुदतींची यादी काढून घ्यावी.

केव्हा आणि कोणी

सहकार कायद्याच्या कलम 79अ खाली पुनर्विकासासाठी शासनाने 3 जानेवारी 2009 रोजी निर्देश दिले आणि 4 जुलै 2019 च्या शासन निर्णयाने ते सुधारले. मात्र यातील प्रत्येक तपशील काटेकोरपणे बंधनकारक नाही, अशी भूमिका उच्च न्यायालयाने अनेक निकालांत घेतली आहे. म्हणजे शासन निर्णयात असलेली गोष्ट करारात नसेल, तर ती आपोआप मिळेल असे धरून चालू नका. विकासक निवडून झाला आहे आणि कराराचा मसुदा विशेष सर्वसाधारण सभेपुढे यायचा आहे, त्या मधल्या काळात यादी तयार हवी. ती कमिटीच करेल असे नाही. कोणीही सभासद मसुद्याची प्रत मिळावी म्हणून सचिवांकडे लेखी अर्ज करू शकतो. अर्जाची पोच मात्र घ्या.

कागदपत्रे

प्रेझेंटेशनची पीडीएफ प्रत (तारखेसह, कारण पुढच्या सभेत स्लाइड बदललेली असते), करार मसुदा सर्व परिशिष्टांसह, विकासकाचे मूळ ऑफर पत्र किंवा निविदा, निवडीच्या सभेचे इतिवृत्त आणि कुलमुखत्यारपत्राचा मसुदा. हा शेवटचा कागद हमखास विसरला जातो. सभासद विकासकाला कोणते अधिकार देतात ते त्यातच असते.

यादी करण्याची पद्धत

सुरुवात स्लाइडपासून करा, पण शेवट मसुद्यातल्या कलमापाशी व्हायला हवा. प्रत्येक वचनासाठी एक ओळ: कोण, काय, कोणाला, कधीपर्यंत, मुदत कोणत्या घटनेपासून मोजायची, आणि चुकल्यास काय. शेजारी स्लाइड क्रमांक आणि कलम क्रमांक.

स्लाइडवर ‘भाडे अदा केले जाईल’, ‘परवानग्या घेण्यात येतील’ अशी भाषा असते. करणारा कोण, ते त्यात नाही. प्रत्येक वाक्य ‘विकासक भाडे देईल’, ‘सोसायटी ठराव देईल’ असे फिरवून लिहा. कर्ता सापडला नाही, तर ती जबाबदारी कोणी घेतलेलीच नाही. तिथे प्रश्नचिन्ह टाका, आपल्या मनाने नाव भरू नका. तळाच्या बारीक अक्षरातल्या तारांकित टिपाही सोडू नका.

मग मसुदा उघडा. काही गोष्टी दोन्हीकडे असतील, काही फक्त स्लाइडवर, काही फक्त मसुद्यात. फक्त स्लाइडवर असलेल्यांची काळजी जास्त, कारण मसुद्याच्या शेवटाकडे बहुधा असे कलम असते की याआधीच्या ऑफर, पत्रे आणि सादरीकरणे या करारात विलीन झाली. ते कलम असेल तर पडद्यावर पाहिलेल्या क्लब हाउसला आधार उरत नाही. ती गोष्ट करारात किंवा परिशिष्टात घालून घ्यायची.

फक्त मसुद्यात असलेल्या गोष्टी बहुतेक सभासदांच्या अंगावर येणाऱ्या असतात: नोटिशीनंतर अमुक दिवसांत घर रिकामे करणे, सोसायटीची थकबाकी भरणे, फ्लॅटवर कर्ज असेल तर बँकेची संमती आणणे, विकासकाला विचारल्याशिवाय फ्लॅट न विकणे. स्लाइडवर यांना जागा मिळत नाही, यात आश्चर्य नाही.

मुदतींचा हिशेब: एक नमुना

उपनगरातल्या 24 सदनिकांच्या इमारतीचा काल्पनिक नमुना घेऊ. स्लाइडवर दोन ओळी: ‘36 महिन्यांत ताबा’ आणि ‘36 महिन्यांचे भाडे, दरमहा 30,000, दरवर्षी 10 टक्के वाढ’. वाचणाऱ्याला दोन्ही 36 एकच वाटतात.

मसुद्यात मात्र ताब्याचे 36 महिने बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्रापासून, म्हणजे सीसीपासून, आणि वर सहा महिन्यांचा ग्रेस. सीसी घेण्यासाठी विकासकाला शेवटचे घर रिकामे झाल्यापासून दोन महिने. समजा सगळ्यांनी 15 जानेवारी 2027 रोजी चाव्या दिल्या. सीसी 15 मार्च 2027 पर्यंत, ताबा 15 मार्च 2030, ग्रेस धरून 15 सप्टेंबर 2030. घराबाहेरचा काळ झाला 44 महिने. भाडे 36 महिन्यांचेच असेल तर ते 15 जानेवारी 2030 ला संपते. उरलेले आठ महिने चौथ्या वर्षाच्या दराने, म्हणजे 39,930 रुपयांनी मोजले, तर एका घराचे 3,19,440 रुपये होतात. विकासकाने एकही मुदत मोडलेली नसताना हा खर्च सभासदाच्या खिशातून जातो.

यादीत ती ओळ अशी उतरेल:

‘विकासक प्रत्येक सभासदाला दरमहा भाडे देईल. सुरुवात: चावी दिल्याच्या दिवसापासून. शेवट: स्लाइडनुसार 36 महिने, मसुद्यात भोगवटा प्रमाणपत्रापर्यंत असे लिहिलेले नाही. चुकल्यास: तरतूद नाही. स्लाइड 11, कलम 14.’

आणि दुसरी:

‘सर्व सभासद नोटिशीपासून 30 दिवसांत घर रिकामे करतील. एकाने जरी केले नाही, तरी सीसीची मुदत सुरू होत नाही. आधी बाहेर पडलेल्यांचे काय, ते मसुद्यात नाही.’

ही दुसरी ओळ वाचून दाखवली की सभेत शांतता पसरते. इलाज आहे: अडून बसलेल्या सभासदाविरुद्ध कारवाई कोण करेल, किती दिवसांत, आणि तोवर इतरांचे भाडे चालू राहील, असे कलम मागायचे.

म्हणून मुदतीच्या रकान्यात नुसते महिने लिहू नका. आरंभाची घटना कोणाच्या हातात आहे तेही लिहा. विकासकाच्या मुदतीचा आरंभ विकासकाच्याच अर्जावर अवलंबून असेल, तर शेवटची तारीख ठरत नाही. अशा ठिकाणी ‘परंतु करार नोंदणीपासून अमुक महिन्यांपलीकडे नाही’ अशी बाहेरची हद्द घालून घ्यावी.

चुकल्यास काय

हा रकाना सर्वाधिक रिकामा राहतो. बँक हमी आहे का, किती रकमेची, कधीपर्यंत चालू, हे इथे येते. शासनाच्या निर्देशांत प्रकल्प खर्चाच्या 20 टक्के हमीचा उल्लेख आहे. बाकी महारेरा पाहून घेईल, या भरवशावर हा रकाना सोडू नका. विक्रीच्या फ्लॅटच्या ग्राहकांना मिळणारे संरक्षण पुनर्वसनातल्या जुन्या सभासदांना सहसा तसेच लागू होत नाही.

सभेपुढे ठेवताना

यादी सोसायटीच्या वकिलाकडून कलमांशी ताडून घ्या आणि मसुद्यासोबत सभेच्या नोटिशीबरोबर वाटा. वर ठळक लिहा की ही माहितीसाठी आहे, यादी आणि करार यांच्या अर्थामध्ये फरक पडल्यास करारच ग्राह्य. प्रश्नचिन्हांच्या ओळी विकासकाला लेखी पाठवा, उत्तरही लेखीच घ्या. सभेत तो ‘हो, करू की’ म्हणाला, तर ते इतिवृत्तात लिहा आणि मसुद्यात दुरुस्ती झाल्यावरच त्या ओळीवरचे प्रश्नचिन्ह काढा.