सिग्नल आला होता, मग ट्रेड का नाही घेतला?

साडेतीनला मार्केट बंद झालं की आमच्या फोर्टच्या ऑफिसात हाच फोन सगळ्यात जास्त येतो, म्हणून एकदाच नीट लिहून देतोय.

आपला पहिला रूल साधा आहे, मूव्हिंग अ‍ॅव्हरेजचा क्रॉसओव्हर. तो फक्त बाय की सेल एवढंच सांगतो. त्यानंतर दुसरं मॉडेल बसलंय, ते दिशा बदलत नाही, फक्त हा ट्रेड घ्यायचा की सोडायचा ते ठरवतं. यालाच मेटा लेबलिंग म्हणतात, मार्कोस लोपेझ दे प्राडो यांच्या 2018 च्या पुस्तकामुळे हे नाव जास्त पसरलं.

दुसरं मॉडेल शिकतं ते रूलच्याच जुन्या सिग्नलवर. प्रत्येक सिग्नलला टार्गेट, स्टॉपलॉस आणि दहा दिवसांची मुदत लावायची, आधी टार्गेट लागलं तर 1, स्टॉप लागला तर 0, आणि मुदत संपली तर खर्च वजा जाऊन काही उरलं का बघायचं. मग त्या वेळी व्हीआयएक्स किती होता, व्हॉल्यूम कसा होता, एक्स्पायरी जवळ होती का, हे दाखवून ते यशाची शक्यता काढतं.

आता समजा (आकडे नुसते समजावण्यापुरते) टार्गेट 1500, स्टॉप 1000, खर्च ट्रेडमागे 100. शंभर सिग्नलमधले 40 जिंकले तर 60 हजार आले, 60 हजार गेले आणि खर्चाचे 10 हजार खिशातून. हिशोब केला तर शक्यता 44 टक्क्यांच्या वर असेल तरच ट्रेड परवडतो. मॉडेलने 50 घेतले, त्यातले 28 जिंकले, तर 42 हजार वजा 22 हजार वजा 5 हजार, म्हणजे 15 हजार उरले. पण सोडलेल्या 50 मध्ये 12 जिंकणारे पण होते, आणि तुमचा फोन नेमका त्या बारांसाठी येतो! ते सुटणारच, आणि रूलला जो ट्रेड दिसलाच नाही तो दुसरं मॉडेल कुठून आणणार? रूलमध्येच दम नसेल तर चाळून काही निघत नाही.

सगळ्यात फसवी चूक टेस्टिंगमध्ये होते. सोमवारच्या सिग्नलचा निकाल पुढच्या आठवड्यात लागतो, म्हणजे शेजारशेजारच्या सिग्नलचे दिवस एकमेकांवर चढतात, त्यातला एक शिकवायला आणि दुसरा परीक्षेला ठेवला की पेपर फुटलाच समजा, बॅकटेस्ट मस्त दिसते आणि खऱ्या पैशात आपटते. म्हणून परीक्षेच्या तारखांवर चढणारे सिग्नल आम्ही शिकवण्यातून काढून टाकतो.

आणि सोडलेल्या ट्रेडची पण वही ठेवतो, कागदावरच त्यांचा निकाल लावून. घेतलेले आणि सोडलेले, पुरेसे ट्रेड झाल्यावर दोन्हींचं जिंकण्याचं प्रमाण सारखंच येत असेल तर मॉडेल नुसतं नाणं उडवतंय, मग ते बंद. ही वही कधीही येऊन बघा, दुपारी चारनंतर आलात तर बरं.